चरात उतरण्याआधी: साइटवरच्या सुरक्षा सूचना नव्याने लिहितानाच्या नोंदी

८ सप्टेंबर

सुरक्षा पुस्तिका पूर्ण बदलायची असं ठरलंय, पण सुरुवात खोदाईच्या प्रकरणापासून करतोय. पाइपलाइनचा चर रोज नव्या जागी खणला जातो, त्यात रोज वेगळी माणसं उतरतात, आणि उतरायचं की नाही हे त्या क्षणी तिथेच ठरवावं लागतं. परांचीवर किंवा क्रेनजवळ निदान ठरलेली माणसं असतात. चराजवळ साइट इंजिनिअर असतो, मुकादम असतो, फिटर असतो आणि कालच कामावर आलेला हेल्परही असतो. चौघांना एकच नियम लागू आहे, पण तो वाचता येतो दोघांनाच.

सध्याची सूचना अशी आहे: "१.५ मीटरपेक्षा अधिक खोलीच्या उत्खननात सक्षम व्यक्तीच्या परवानगीशिवाय प्रवेश करू नये; आवश्यकतेनुसार योग्य ते शोअरिंग करावे; उत्खनित माती कडेपासून सुरक्षित अंतरावर ठेवावी." शोअरिंग म्हणजे चराच्या कडा कोसळू नयेत म्हणून त्यांना दिलेला आधार. याच मजकुराखाली एक फलक आहे. त्यात हेल्मेट घातलेला माणूस अंगठा वर करून उभा आहे. न वाचणाऱ्याच्या वाट्याला नियमातलं फक्त हेल्मेट येतं, आणि माती अंगावर आली तर हेल्मेटचा काही उपयोग नसतो.

वाचणाऱ्याचंही फारसं निराळं नाही. "आवश्यकतेनुसार", "योग्य", "सुरक्षित अंतर" ही तिन्ही ठिकाणं रिकामी आहेत. ज्याची घाई जास्त, तो ती आपल्या सोयीने भरतो.

१० सप्टेंबर

आज काहीच लिहिलं नाही, फक्त विचारत फिरलो. प्रश्न एकच: "या चरात आत्ता उतरशील का? कशावरून ठरवलंस?" इंजिनिअरला वेगळं विचारलं, मुकादमाला वेगळं, मजुरांना वेगळं. उत्तर एकमेकांना ऐकू जाणार नाही याची काळजी घेतली.

चर साधाच होता. रुंदी ६० सेंटिमीटर, खोली टेपने १.४ मीटर. इंजिनिअर म्हणाला, दीडच्या आत आहे, चालेल. मुकादम म्हणाला, काल याच मातीत काम झालंय, काही होत नाही. फिटर म्हणाला, "मी उतरतो, पण सांध्याच्या खड्ड्यात बसत नाही, तिथं खोल आहे." हेल्पर म्हणाला, मुकादम सांगेल ते.

फिटरचं बोलणं ऐकून पुन्हा टेप लावला. पाइपचा सांधा जोडायला हात फिरावा म्हणून तळाशी आणखी खड्डा करतात. तिथे खोली १.६५ भरली. म्हणजे ज्या जागी माणूस गुडघे टेकून सर्वांत जास्त वेळ बसतो, नेमकी तीच जागा मोजलेली नव्हती. शिवाय तो बसलेला असतो, त्यामुळे त्याचं डोकं कडेच्या बरंच खाली जातं. चौघांपैकी धोका नेमका ओळखला तो फिटरने, आणि त्याला सूचना वाचता येत नाही.

यावरून पुढच्या कामाची कसोटी ठरली. नवी सूचना चांगली की वाईट हे मजकूर वाचून ठरवायचं नाही. एकाच चरापाशी दोघांना वेगवेगळं नेऊन विचारायचं. दोघांचं उत्तर एकच आलं, आणि कारणही एकच आलं, तरच सूचना पास.

१३ सप्टेंबर

आकड्यांचा दिवस. अमेरिकेच्या 'ओशा' नियमांत चरासाठी चार आकडे येतात. चार फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर खोलीपासून बाहेर पडायला शिडी हवी. ती कुठल्याही कामगारापासून २५ फुटांच्या आत हवी. पाच फूट, म्हणजे सुमारे १.५ मीटरपासून शोअरिंग, ट्रेंच बॉक्स म्हणजे माणसाभोवती चरात उतरवायची मजबूत चौकट, किंवा उतार हवा. अपवाद फक्त अखंड पक्क्या खडकाचा. आणि उपसलेली माती कडेपासून निदान दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब हवी. आमच्या पुस्तिकेतला दीड मीटर याच घराण्यातला दिसतो.

कागदावर चार आकडे ठीक आहेत. चिखलात उभ्या असलेल्या माणसासाठी ते जास्त होतात. शिडीसाठी एक खोली आणि शोअरिंगसाठी दुसरी असली, की "शिडी लावलीय ना, मग झालं" असं सोयीचं उत्तर तयार होतं. म्हणून प्रस्ताव असा मांडला की दोन्हींसाठी एकच रेघ ठेवायची, १.२ मीटर. त्याच्या वर शिडी पण आणि आधार पण. सांध्याचा खड्डा २५-३० सेंटिमीटर आणखी खोल जातो, तो हिशेबही यातच बसतो. तो वेगळा मोजत बसायला नको.

इंजिनिअरचा आक्षेप रास्त होता. आमचे बरेचसे चर १.३-१.४ मीटरचे आहेत. आतापर्यंत त्यांना शोअरिंग लागत नव्हतं, आता लागेल, आणि रोजची लांबी कमी होईल. यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं की जिथे जागा आहे तिथे मशीननेच कडा उतरत्या कापायच्या, आणि जिथे रस्ता किंवा भिंत जवळ आहे तिथे बॉक्स वापरायचा. किती उतार द्यायचा ते मातीवर ठरतं, आणि ते ठरवणं इंजिनिअरचंच काम राहील. मजुराने फक्त एवढंच बघायचं: कडा सरळ उभी आहे आणि आधार नाही, तर खाली जायचं नाही.

कडक आकडा घेतल्याने वेळ जातो हे खरं. पण दोन आकड्यांमधली ती ३० सेंटिमीटरची पट्टी हीच रोजच्या वादाची जागा होती.

१७ सप्टेंबर

मोजकाठी तयार झाली. टेप वाचता येत नसेल तर आकडा कितीही सोपा केला तरी उपयोग नाही, म्हणून आकडाच काठीवर रंगवला. लोखंडी पाइप, अडीच मीटर लांब. तळापासून १.२ मीटरपर्यंत पिवळा, त्यावर लाल. चराच्या टोकाशी उभं राहून काठी तळाला टेकवायची आणि जमिनीच्या पातळीवर एक पट्टी आडवी टाकायची. पट्टीला पिवळा भाग लागला तर एक गोष्ट जमली, लाल लागला तर आधार आणि शिडीशिवाय उतरायचं नाही. तळ एका बाजूला उतरता असतो, म्हणून मोजायचं खोल टोकाशी.

रंगांच्या सीमेवर वेल्डिंगचा एक जाड कडा फिरवून घेतला आहे. पाइप चिखलाने माखला तरी बोटाला तो लागतो, आणि ज्याला रंगांत फरक कळत नाही त्याचंही काम भागतं. तळाला तळहाताएवढी चकती जोडली, नाहीतर काठी मऊ मातीत रुतते आणि खोली जास्त दिसते. जास्त दिसलेली चालेल असं वाटतं, पण नाही चालत. एकदा का "काठी खोटं सांगते" असं लोकांच्या डोक्यात बसलं की ती कोणी हातात घेत नाही.

पहिली काठी लाकडी होती. ती दुपारी ताडपत्रीला टेकू म्हणून लावलेली सापडली. लोखंडाची करण्यामागे हेही एक कारण.

१८ सप्टेंबर

मातीच्या ढिगाऱ्याचं अंतर काठीने मोजायचं ठरवलं होतं, ते सोडून दिलं. त्यासाठी कुणाला तरी उघड्या कडेवर जाऊन वाकावं लागतं, आणि मोजण्यासाठीच माणूस धोक्यात घालायचा हे उलटं झालं. त्याऐवजी खोदाईच्या आधीच फक्कीच्या दोन रेघा मारायच्या. आतली रेघ चराच्या कडेची, बाहेरची तिच्यापासून ६० सेंटिमीटरवर. मशीनचा ऑपरेटर बकेट रिकामी करेल ती बाहेरच्या रेघेच्या पलीकडे. ढिगाऱ्याचा पायथा रेघेवर आला की पांढरं दिसेनासं होतं, आणि ते लांबूनही कळतं.

ऑपरेटरला कारण हवं होतं, ते त्याच्यासमोर हिशेब करून दिलं. ६० सेंटिमीटर रुंद आणि १.४ मीटर खोल चराच्या एका मीटर लांबीतून ०.८४ घनमीटर माती निघते. घनमीटरला १.८ टन धरले तर हे वजन दीड टनाच्या आसपास जातं. म्हणजे कडेला लागून ढीग टाकला तर प्रत्येक मीटरवर एखादी मोटारगाडी उभी केल्यासारखं आहे, तीही जिथे खालून आधार काढून घेतलाय तिथे. तो म्हणाला, "मग मी रेघेच्या अजून एक हात पलीकडे टाकतो." टाक म्हटलं.

२२ सप्टेंबर

चित्रं. आर्किटेक्टच्या ऑफिसमधून छान रेखाचित्रं करून आली होती: जमीन मधोमध कापलेली, आत चर, चरात माणूस, वर ढीग, त्यावर लाल फुली. मला लगेच कळली. इंजिनिअरलाही. मजुरांना दाखवली तेव्हा एकाने दोन भिंतींच्या मधल्या बोळात उभा माणूस सांगितला. दुसऱ्याने टाकीचं काम सांगितलं. जमीन कापून आतलं दाखवायची पद्धत आम्ही कॉलेजात शिकतो. जो शिकला नाही त्याने असं दृश्य कधी पाहिलेलंच नसतं, कारण जमीन कापलेली कुणाला दिसत नाही.

तीन चौकटींच्या पट्टीचंही तेच. पहिल्यात उभा चर, दुसऱ्यात कडेला भेग, तिसऱ्यात माती कोसळलेली. एका गवंड्याने पट्टी उलट्या बाजूने लावली: आधी माती होती, मग ती काढली, मग चर छान झाला. त्याच्या वाचनात काहीच चूक नव्हती. वाचायची दिशा डावीकडून असते हे वाचायला शिकल्यावरच ठरतं.

म्हणून रेखाचित्रं रद्द. आता आमच्याच साइटचे फोटो घेतोय, उतरणारा माणूस जिथे उभा राहतो तिथून, त्याच्याच नजरेच्या उंचीने. एका फोटोत एकच गोष्ट. लाल फुली फोटोच्या मधोमध मारायची नाही, त्याने बघायची गोष्टच झाकली जाते. फोटोची चौकट लाल किंवा हिरवी, आणि लाल चौकटीत कोपऱ्यात उलटा पंजा.

चिन्हं लोकांना कळतात की नाही हे तपासण्याची मोजमापं आहेत. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५.३ मानकात ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर कळला पाहिजे, आणि धोकादायक उलटा अर्थ घेणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, असं आहे. आमची माणसं थोडी, त्यामुळे टक्क्यांना फारसा अर्थ नाही. पण दोन वेगळे हिशेब ठेवायची कल्पना उचलली. "माहीत नाही" असं उत्तर आलं तर तो माणूस निदान विचारेल. "उतरा" असा उलटा अर्थ घेणारा एक जरी निघाला तरी तो फोटो बाद.

२५ सप्टेंबर

आता मजकूर. फलकावर चार फोटो आणि चार ओळी:

काठीला लाल लागला का?
माती रेघेच्या आत आली का?
भेग, पाणी, फुगवटा, पडणारी ढेकळं दिसतात का?
शिडी हाताशी आहे का?

पहिल्या तिन्हींचं उत्तर "नाही" आणि चौथ्याचं "हो" हवं, असा हा पहिला मसुदा होता. मुकादमानेच तो खोडला. "तीनदा नाही म्हणायचं आणि मग एकदा हो म्हणायचं, सकाळच्या घाईत माणूस चुकणारच." सगळे प्रश्न फिरवले, आता चारही उत्तरं "हो" आली तरच उतरायचं:

काठीला पिवळा लागला, किंवा आधार बसवलाय?
पांढरी रेघ पूर्ण दिसते?
कडा कोरडी आणि अखंड आहे?
शिडी हाताशी आहे?

शिडीचा प्रश्न खोलीशी न जोडता सरसकट ठेवला. उथळ चरात शिडी ठेवल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो कुठल्याही खोलीला लागू आहे. १.१ मीटरच्या चरात काठी पिवळंच दाखवेल, पण फिटर गुडघे टेकून बसला की त्याची छाती कडेच्या खालीच असते. छातीपर्यंत माती आली तरी जीव जाऊ शकतो: श्वास सोडला की छाती आत जाते, माती ती जागा भरून काढते, आणि पुढचा श्वास घ्यायला जागा उरत नाही. कडेला समांतर भेग दिसली, तर काठी काहीही म्हणो, बाहेर.

२६ सप्टेंबर

इंजिनिअर आणि मुकादमाच्या तपासणी पत्रकावर आज खटका उडाला. त्यांना त्यात मातीचा प्रकार, जवळची वाहतूक, भूमिगत केबल, पंप असं बरंच हवं होतं. हवंच. पण ते "खणण्याआधी" या वेगळ्या पानावर गेलं. "उतरण्याआधी" या पानावर तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच फोटोंसह. अधिकाऱ्याच्या कागदावर उत्तर "नाही" आल्यावर काय करायचं ते जास्तीचं लिहिता येईल. उतरायचं की नाही याची पाचवी अट मात्र घालता येणार नाही, कारण जी अट फलकावर नाही ती मजुराच्या दृष्टीने नाहीच.

सहा मीटरपेक्षा खोल खोदाई या फलकाच्या बाहेर ठेवली. त्या खोलीच्या आधाराचं डिझाइन इंजिनिअरकडूनच यावं लागतं, चार प्रश्नांनी ते भागत नाही.

३० सप्टेंबर

थांबवायचा अधिकार कुणाचा? जुन्या सूचनेत सगळं "परवानगी"वर होतं. चरात बसलेल्याला कड फुगलेली दिसली, तर त्याने बाहेर येऊन मुकादमाला शोधायचं आणि विचारायचं. कड कोसळायला लागल्यावर पळायलाही वेळ मिळत नाही, विचारायला कुठून मिळणार.

नवा नियम मुद्दाम दोन बाजूंना वेगळा ठेवला: बाहेर यायला कुणाला विचारायचं नाही. परत उतरायला मुकादमाने चारही गोष्टी पुन्हा बघायच्या. हे वाक्य फलकावर मावलं नाही, म्हणून ते रोज सकाळी तोंडी म्हणायचं. म्हणायचं मुकादमाने नाही, त्या दिवशी उतरणाऱ्याने.

यावर फिटरने जे विचारलं ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हतं. "आमचं काम उक्तं आहे. मी बाहेर आलो आणि दोन तास चर बंद राहिला, तर ते दोन तास कुणाचे?" मीटरवर पैसे मिळणाऱ्या माणसाला थांबायचा हक्क देणं म्हणजे त्याच्याच खिशातून थांबणं. साइट मॅनेजरशी बोलून ठरवलं: भेग किंवा पाणी यामुळे थांबलेला वेळ नोंदवायचा आणि तो रोजंदारीच्या दराने धरायचा. लेखी घेतलं. हे झालं नसतं तर फलक कितीही चांगला असता तरी भिंतीवरच राहिला असता.

६ ऑक्टोबर

जोडीची चाचणी, नव्या फलकाने. वेगवेगळ्या चरांपाशी मुकादम आणि एक मजूर, दोघांना वेगळं नेऊन तोच प्रश्न. "समजलं का?" विचारायचं नाही, त्याला सगळे "हो" म्हणतात. काठी हातात द्यायची आणि म्हणायचं, "दाखव."

बहुतेक चरांवर उत्तरं जुळली. जिथे फाटलं तो चर असा: काठीला पिवळा, रेघ स्वच्छ, शिडी जागेवर. मुकादम म्हणाला उतरा. मजूर म्हणाला नको, कडा ओली आहे. मुकादमाच्या मते ती सकाळची ओल होती, वरच्या नळाचं पाणी सांडलेलं. मजुराने तळाकडे बोट दाखवलं. तिथे तळापासून वीतभर वर एक काळपट पट्टा होता आणि त्याच्याखाली बारीक माती धुपून निघत होती. ते वरून सांडलेलं पाणी नव्हतं, बाजूने झिरपत होतं.

फोटो बदलला. आधीच्या फोटोत फक्त वरची कड दिसत होती. आता दोन फोटो आहेत, एक कडेचा आणि एक तळाजवळचा. चार प्रश्न मात्र चारच.

९ ऑक्टोबर

रात्री पाऊस झाला. सकाळी मशीन आलं तेव्हा मुकादमाने स्वतःहून चर बंद ठेवला आणि पुन्हा तपासणी लावली. फक्कीच्या रेघा धुऊन गेल्या होत्या, म्हणून दुसऱ्या प्रश्नाला "हो" म्हणताच येईना. रेघ नसेल तर उतरायचं नाही, हे लिहून ठेवलं नव्हतं, पण प्रश्नातून आपोआप आलं. पावसानंतर नव्याने तपासायला भाग पाडणारी यापेक्षा चांगली युक्ती मला मुद्दाम सुचली नसती.

माती कोसळून कुणी गाडला गेला तर काय करायचं, हे या फलकावर नाही. आत उडी मारायची नाही, बकेटने उकरायचं नाही, मशीन बंद करून मदत बोलवायची, हे सगळं वेगळ्या सरावात घेतोय. तो मजकूर सेफ्टी ऑफिसर लिहितोय, पण पडताळणी याच पद्धतीने होईल.

१४ ऑक्टोबर

काठ्या वेल्डरकडे टाकल्या, प्रत्येक टोळीला एक. छपाईला गेलेल्या फलकावर पानाचा क्रमांक, परिपत्रकाचा क्रमांक आणि सह्यांची जागा घालण्याचा आग्रह वरून आला होता. ते सगळं मागच्या बाजूला छापायला सांगितलं.

वाळूच्या पट्ट्यातलं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. तिथे उभी कड टिकतच नाही, त्यामुळे १.२ मीटरची काठी तिथे चालवायची नाही. त्या भागासाठी काठीवर पिवळा रंगच नसेल, पूर्ण लाल काठी. इंजिनिअरने आराखड्यावर हद्द आखून दिली की तिथे जागेवर खांब ठोकून घ्यायचे.